कडू दुधी

कडू दुधी म्हणजे वेगळी भाजी नाही. आपण भाजीला, कोफ्त्याला, हलव्याला आणतो तोच दुधी भोपळा (शास्त्रीय नाव लॅजेनेरिया सिसेरारिया), फक्त त्यातला एखादा कडू निघतो. प्रश्न एवढाच असतो की असा दुधी खाल्ला तर चालतो का, आणि उत्तर सरळ आहे, नाही चालत. कडवट लागला तर तो पूर्ण फेकायचा, रस तर अजिबात प्यायचा नाही. कारल्यासारखा कडूपणा आहे, शुगरला चांगला असेल, असं समजून पिणारे लोक खरंच हॉस्पिटलात पोचलेत आणि काही वाचलेले नाहीत.

कडूपणा येतो कुकुर्बिटासिन नावाच्या रसायनांमुळे. हे एक रसायन नाही, गट आहे, बी, डी, ई, आय अशी अक्षरं लावून ओळखतात. काकडी, भोपळा, कलिंगड, दोडका, दुधी या सगळ्या वेलवर्गीय कुटुंबात ती बनवायची क्षमता आहे. वेल ती स्वतःच्या बचावासाठी बनवते, पानं-फळं खाणाऱ्या बहुतेक प्राण्यांना आणि किड्यांना ती सहन होत नाहीत. रानातल्या मूळ जाती सगळ्या कडूच होत्या, माणसाने पिढ्यानपिढ्या गोड फळांचं बी राखत राखत आजचा दुधी केला. आपल्याकडे ज्याला इंद्रावण किंवा कडू वृंदावन म्हणतात तेही याच कुटुंबातलं, त्यात हीच रसायनं ठासून भरलेली असतात. मिरजेला सतार-तंबोऱ्याला जो भोपळा लागतो तोही खायचा नसतो, कडू असतो. आणि आयुर्वेदात कडू दुधीला इक्ष्वाकू असं नाव आहे, चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्याच्यावर अख्खा अध्याय आहे, तो कशासाठी तर वमन, म्हणजे उलटी करवण्यासाठी. म्हणजे गोड दुधी भाजीला आणि कडू दुधी पोट रिकामं करायला हा फरक जुन्या लोकांना चांगला माहीत होता. आपण आता मिक्सर आल्यावर विसरलो.

मग चांगल्या जातीच्या वेलाला कडू फळ कुठून लागतं? दोन वाटा आहेत. एक म्हणजे बी. गोड दुधीच्या फुलावर शेजारच्या कडू किंवा रानटी वेलाचे पराग आले तर त्या वर्षीचं फळ कडू होत नाही, कारण फळाचा गर हा आईवेलीचाच असतो, संकर होतो तो आतल्या बियांचा. ते बी राखून पुढच्या वर्षी लावलं की त्या वेलीला कडू फळं येऊ शकतात. म्हणून परसातल्या दुधीत हा घोटाळा जास्त होतो, लोक म्हणतात गेल्या वर्षी तर याच बियाचा दुधी गोड होता, हो होता, पण बाप बदलला ना. दुसरी वाट म्हणजे वेलीवरचा ताण, कडक ऊन, पाण्याची ओढ, अशा वेळी एरवी गप्प असलेली कडूपणाची यंत्रणा जागी होते. त्यामुळे एकाच बाजारातून, एकाच ढिगातून आणलेले चार दुधी गोड आणि पाचवा कडू असं होऊ शकतं, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. रंग, आकार, कोवळेपणा, देठ, काही सांगत नाही. ओळखायची एकच जागा आहे, जीभ.

आता बहुतेक गंभीर घटना भाजीच्या नाहीत, रसाच्या आहेत, आणि त्याचं कारण साधं आहे. भाजीत कडू फोड आली की माणूस थू करून ताट बाजूला सारतो, फार तर दोन घास पोटात जातात. रसात अख्खा दुधी एका ग्लासात येतो, उपाशीपोटी येतो, आणि औषध म्हणून नाक दाबून एका दमात घेतला जातो. कडू लागला की माणसाला उलट वाटतं की आज जास्त गुणकारी आहे. त्यात कारलं, आवळा, पुदिना, आलं घातलं तर दुधीचा कडूपणा त्याच्या आड लपतो.

दिल्लीत २०१० साली नेमकं हेच झालं. नियमित रस पिणाऱ्या एका जोडप्याने दुधी आणि कारल्याचा एकत्र रस घेतला, त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कडू होता, दोघंही आजारी पडले, नवरा गेला आणि बायको वाचली. कारलं मुळातच कडू, त्यामुळे आजचा कडूपणा कारल्याचा की दुधीचा हे जिभेला कसं कळणार. या आणि अशा घटनांनंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्या शिफारशी २०१२ मध्ये छापून आल्या, त्यातली एक खास याच्यासाठी आहे की दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. पुण्यात जून २०१८ मध्ये ४१ वर्षांच्या एका बाईंनी सकाळी पळून आल्यावर दुधीचा रस घेतला आणि चार दिवसांनी त्या गेल्या, ती बातमी तेव्हा मराठी घराघरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली होती.

शरीरात काय होतं ते क्रमाने बघू. समजा सकाळी सात वाजता ग्लासभर कडू रस पोटात गेला. काही मिनिटांपासून साधारण तासाभरात पोटात मुरडा, मळमळ आणि मग जोरात उलट्या सुरू होतात, पाठोपाठ जुलाब. इथपर्यंत ते साधं फूड पॉयझनिंग वाटतं, पण आत काहीतरी वेगळं चाललेलं असतं. कुकुर्बिटासिन अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांच्या आतल्या अस्तराला सोलवटतं, दुर्बीण घातली तर तिथे लाली, व्रण, रक्त पाझरताना दिसतं. म्हणून थोड्या वेळाने उलटीत रक्त येतं, लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट. कधी शौचातही येतं.

दुसरं आणि जास्त धोक्याचं म्हणजे बीपी पडणं. उलट्या-जुलाबात पाणी जातं हे एक कारण झालं, पण नुसतं तेवढंच नसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की ही रसायनं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करतात, म्हणजे रक्तातलं पाणी नळीत न राहता आजूबाजूच्या पेशीजालात पाझरतं. नळीत भरायला पाणी कमी, मग दाब कसा टिकणार. त्यामुळे माणूस गार पडतो, घामेजतो, नाडी पळते, चक्कर येते, आणि उशीर झाला तर माणूस शॉकमध्ये जाऊन मूत्रपिंडांवर परिणाम होतो. काहींचे लिव्हरचे आकडेही थोडे वाढलेले सापडतात. वयस्कर माणसं, आधीपासून हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले आणि बीपीच्या गोळ्या घेणारे यांना हा उतार कमी झेपतो.

यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. हॉस्पिटलात सलाईन, उलटीचं औषध, ॲसिड कमी करणारं इंजेक्शन, बीपी फारच पडलं तर ते वर ठेवणारी औषधं, गरज पडली तर रक्त, एवढंच करतात आणि बहुतेक लोक त्यावर काही दिवसांत बरे होतात. म्हणूनच वेळ महत्त्वाचा. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं की दुधीचा रस घेतला होता आणि तो कडू होता, नाहीतर अशा पेशंटकडे बघून जंतुसंसर्ग, अल्सर फुटला, असंच आधी मनात येतं. घरी मीठपाणी पाजून आणखी उलट्या काढायच्या नाहीत, सोललेल्या अन्ननलिकेतून तोच रस पुन्हा वर आणायचा कशाला. दूध पाजून बसून वाट बघण्यातही अर्थ नाही.

एक उशिरा दिसणारा परिणामही नोंदलेला आहे, केस गळणं. फ्रान्समधल्या दोन बायकांना कडू भोपळ्याचं जेवण झाल्यावर आधी उलट्या-जुलाब झाले आणि काही आठवड्यांनी केस भरपूर गळले, ते २०१८ मध्ये एका त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकात आलं. आणि हे फक्त आपल्या रसप्रेमाचं नाही, जर्मनीत २०१५ मध्ये ७९ वर्षांचा एक माणूस परसातली कडू झुकिनी शिजवून खाल्ल्यावर गेला, त्याच्या बायकोने कडू लागली म्हणून थोडीच खाल्ली होती, ती वाचली. म्हणजे शिजवलेली भाजीसुद्धा पुरेशी खाल्ली तर सुटका नाही.

इथेच बऱ्याच घरगुती समजुती कोसळतात. काकडीचं टोक कापून घासायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पांढरा फेस येतो आणि आजी म्हणते विष निघालं. थोडा चीक निघतो, बाकीचं आतच राहतं. उकळण्याने, कुकरच्या शिट्ट्यांनी कुकुर्बिटासिन मोडत नाही, उष्णतेला ते दाद देत नाही. मीठ लावून पिळणं हे कारल्याचं तंत्र दुधीला लावू नये, कारल्याचा कडूपणा त्याच घराण्यातल्या पण वेगळ्या रसायनांचा आहे आणि तो कारल्याचा स्वभावच आहे, दुधीचा नाही. हलव्यात तर साखर आणि खवा कडूपणा झाकतात फक्त, घालवत नाहीत, तेव्हा खीस कढईत जायच्या आधीच चाखलेला बरा.

चाखायची रीत अशी. दुधी धुऊन, सोलून, देठाकडच्या भागाची आणि मधली अशी नखाएवढी फोड कापायची, जिभेच्या टोकाने नाही तर नीट चावून बघायची, आणि कडू लागली तर गिळायची नाही, थुंकून चूळ भरायची. कुकुर्बिटासिन अगदी थोडं असलं तरी जीभ ते पकडते, त्यामुळे सरकारी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र सर्दीने किंवा वयाने तोंडाला चव नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला चाखायला द्यावं. दोन दुधी असतील तर दोन्ही वेगवेगळे चाखायचे, मिक्सरमध्ये सगळं एकत्र केल्यावर मग उपयोग नाही. चाखताना गोड पण रस काढल्यावर कडू असंही होऊ शकतं, कारण एकाच फळात कडूपणा सारखा पसरलेला नसतो, तेव्हा रसाचाही पहिला घोट लहान घ्यायचा आणि कडू वाटला तर ग्लास सिंकमध्ये. पंचवीस रुपयांचा दुधी वाया गेला म्हणून तो संपवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, माझ्या घरातही एक आहेत.

परसातल्या वेलीचं फळ कडू निघालं तर पुढचं फळ गोड येईल का बघू असं करत बसू नये. बियाचाच दोष असेल तर त्या वेलीची सगळीच फळं कडू येतात. वेल उपटायची, तिचं बी राखायचं नाही, आणि पुढच्या हंगामात पाकिटातलं नवीन बी लावायचं.