लाइटबिलाचा मेसेज, चलनाची फाइल आणि 1930: फसवा मेसेज ओळखायचा कसा, पैसे गेलेच तर तक्रार कशी करायची

स्लाइड 1 : मेसेज कुठल्या नंबरवरून आलाय?

मजकूर वाचायच्या आधी वरची ओळ बघा. बँक, महावितरण किंवा सरकारी खातं एसएमएस पाठवतं तेव्हा तिथे दहा आकडी मोबाइल नंबर नसतो, इंग्रजी अक्षरांचं नोंदणीकृत नाव असतं. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही येतं. जाहिरातीला `-P`, सेवेच्या मेसेजला `-S`, व्यवहाराच्या मेसेजला `-T` आणि सरकारी मेसेजला `-G`. "तुमच्या खात्यात पैसे जमा झाले" हा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला असेल, तर तो बँकेने पाठवलेला नाही.

ही खूण फक्त एसएमएसपुरती चालते. व्हॉट्सॅपवर कुणीही महावितरणचं चिन्ह फोटो म्हणून लावू शकतो, त्यामुळे तिथे डीपी बघून काही ठरवू नका.

पुढे काय: उत्तर देऊ नका, पण मेसेज पुसूही नका. स्क्रीनशॉट घ्या. पैसे गेले नसतील तर `sancharsaathi.gov.in` वर 'चक्षू' या सोयीत तो नंबर कळवता येतो. पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, थेट स्लाइड 6 वर जा.

स्लाइड 2 : "आज रात्री 9:30 ला लाइट तोडणार"

मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री वीज बंद होईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याला फोन करा आणि खाली एक नंबर. मेसेज बहुतेक संध्याकाळी येतो, कारण तेव्हा वीजबिल केंद्र बंद असतं आणि विचारायला कुणी सापडत नाही.

विद्युत कायदा 2003 चं कलम 56 सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर आधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दोन तासांची मुदत देणारा मेसेज म्हणूनच खोटा. आणखी एक गोष्ट बघा. त्या मेसेजमध्ये तुमचा ग्राहक क्रमांक नसतो, कारण पाठवणाऱ्याला तो माहीतच नसतो. एकच मजकूर हजार लोकांना गेलेला असतो.

पुढे काय: जुनं बिल काढा. त्यावरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अॅपवर थकबाकी बघा, नाहीतर 1912 ला फोन करा. मेसेजमधला नंबर लावायचा नाही, "बघू तरी कोण आहे" म्हणूनसुद्धा नाही. सापळा फोनवरच लागतो, मेसेज नुसतं आमिष असतं.

स्लाइड 3 : फाइलच्या नावाशेवटी .apk

`MH 09` पाटीची गाडी असलेल्याला व्हॉट्सॅपवर "तुमच्या गाडीचं चलन" येतं. सोबत फाइल, नाव `RTO Challan.apk` किंवा तसंच काहीतरी. कधी ती लग्नपत्रिका असते, कधी बँकेचं केवायसी. पाठवणारा ओळखीचाही असू शकतो, कारण त्याचा फोन आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेलेला असतो.

चलन म्हणजे पावती. पावती बघायला अॅप बसवावं लागत नाही. `.apk` हे अँड्रॉइड अॅपचंच पॅकेट, ते उघडलं की फोन "अज्ञात ठिकाणाहून अॅप बसवायचं का?" असं विचारतो. आपण हो म्हणतो. मग अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण तीही देतो. तिथून पुढे बँकेचा ओटीपी तुमच्या आधी त्यांना दिसतो. म्हणून "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले" असं सांगणारा माणूस बऱ्याचदा खरंच बोलत असतो.

पुढे काय: फाइल नुसती उतरली असेल, बसवली नसेल, तर पुसून टाका, विषय संपला. बसवली असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या. पासवर्ड त्याच फोनवरून बदलू नका, नवा पासवर्डही त्यांनाच कळेल. खरं चलन आहे का हे `mahatrafficechallan.gov.in` वर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

स्लाइड 4 : "पैसे घ्यायला पिन टाका"

यूपीआय पिन पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो. घेताना कधीच लागत नाही, आणि क्यूआर स्कॅन करणं म्हणजेही पैसे देणं. जुनी मोटरसायकल विकायला काढली की "मिलिटरीतला माणूस" अॅडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर पाठवतो, तो हाच प्रकार. 1 ऑक्टोबर 2025 पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद झाली आहे. दुकानदार-व्यापाऱ्यांची मात्र चालू आहे, त्यामुळे व्यापारी खात्याच्या आडून मागणी येऊ शकते.

स्लाइड 5 : "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा"

मेसेज न बघता शिल्लक बघा. रक्कम आलीच नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. खरंच आली असेल तरी तो सांगेल त्या नंबरवर पाठवू नका, बँकेला लेखी कळवा. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले असू शकतात, आणि तसं निघालं तर तुमचंच खातं गोठतं. दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल ज्या खात्यात जमा होतं तेच गोठलं तर घर चालवणं मुश्किल.

स्लाइड 6 : पैसे गेले. आता पहिला तास.

एक उदाहरण घेऊ. माणूस कल्पनेतला आहे, पण घडतं असंच.

शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणारा एकजण. शुक्रवारी संध्याकाळी 7:50 ला लाइटबिलाचा मेसेज आला. सोमवारी माल द्यायचा, त्यात लाइट गेली तर काय, म्हणून त्याने फोन लावला. "साहेबांनी" व्हॉट्सॅपवर बिल अपडेटचं अॅप पाठवलं आणि दहा रुपये भरायला सांगितले. त्याने अॅपमध्ये नेटबँकिंगचं नाव आणि पासवर्ड टाकला. 8:22 ला 49,000 गेले, 8:24 ला 25,000, 8:31 ला 19,500. एकूण 93,500.

8:40 ला त्याच्या लक्षात आलं. बायकोच्या फोनवरून त्याने 1930 लावला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर, पैसे लागत नाहीत. लाइन व्यस्त असली तर लावत राहायचं आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी बँकेच्या हेल्पलाइनवर खातं बंद करून घ्यायचं. एकामागून एक नव्हे, दोन्ही एकाच वेळी.

घाई कशासाठी, तर पैसे पहिल्या खात्यात थांबत नाहीत. तिथून ते दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात तुकड्यांनी पळतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. 1930 वर नोंद झाली की ज्या बँकेत पैसे गेले तिला लगेच सूचना जाते, आणि रक्कम तिथे अजून असेल तर ती रोखून धरली जाते. आपल्या उदाहरणात 19,500 अडकले असं समजू. आधीचे 74,000 पुढच्या खात्यांत गेले, त्यांचा माग पोलीस काढणार.

फोनवर तीनही व्यवहार सांगायला लागतात. नुसती मोठी रक्कम सांगितली तर उरलेल्या दोन व्यवहारांचा माग सुरूच होत नाही, आणि ही चूक नेहमी होते.

स्लाइड 7 : तक्रार कोण करू शकतो, काय काय लागतं

रकमेची किमान अट नाही, फी नाही. तक्रार ज्याचं खातं त्याच्या नावाने. आजोबांच्या पेन्शन खात्यातून पैसे गेले असतील तर फोनवर नातू बोलला तरी चालेल, पण नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल आजोबांचा.

1930 वर नोंद झाली की एसएमएसने पोच क्रमांक येतो. तेवढ्यावर थांबायचं नाही. 24 तासांच्या आत `cybercrime.gov.in` वर जाऊन तक्रार पूर्ण करायची. जवळ ठेवायच्या गोष्टी अशा:

- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स किंवा पासपोर्ट यापैकी एकाचा फोटो (`jpg` किंवा `png`, 5 एमबीच्या आत)
- बँकेचं नाव, खाते क्रमांक आणि प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम
- प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक
- मेसेज, कॉलची नोंद आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट, नंबर दिसेल असे
- त्या दिवसाचं बँक स्टेटमेंट

लोक अडतात ते यूटीआरवर. पेमेंट अॅपवर दोन क्रमांक दिसतात. अक्षरं आणि आकडे मिसळलेला लांबलचक क्रमांक अॅपचा स्वतःचा असतो, आपल्याला हवाय तो निव्वळ 12 आकड्यांचा. सापडला नाही तर स्टेटमेंटमधल्या त्या ओळीत बघा.

घटनेचं वर्णन किमान 200 अक्षरांचं लागतं आणि त्यात `#`, `@`, `$` असली चिन्हं चालत नाहीत. अर्ज पुढे सरकत नसेल तर आधी हेच तपासा. वर्णन वेळेच्या क्रमाने लिहा: "7:50 ला मेसेज आला, 8:05 ला मी फोन केला, 8:22 ला पहिली रक्कम गेली." संताप लिहू नका, जागा वाया जाते.

संगणक जमत नसेल तर हीच कागदं घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. रोखून ठेवलेली रक्कम परत मिळवायला पुढे न्यायालयाचा आदेश लागू शकतो, तेव्हा पोच क्रमांक आणि एफआयआरची प्रत लागेल.

स्लाइड 8 : बँकेकडे लेखी अर्ज वेगळा

1930 म्हणजे पोलिसांकडची तक्रार. बँकेची जबाबदारी ठरते ती बँकेला कधी कळवलंत यावर, म्हणून शाखेत वेगळा अर्ज द्या आणि झेरॉक्सवर तारखेचा शिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, पैसे तिसऱ्याच कुणी काढले, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. पासवर्ड किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

उद्यमनगरातल्या त्या माणसाने पासवर्ड स्वतः टाकला. त्यामुळे बँक 93,500 भरून देईल अशी आशा त्याने धरू नये. पण बँकेला 8:40 ला कळवूनही 9 वाजता आणखी रक्कम गेली असती, तर ती त्याला मागता आली असती. म्हणून हेल्पलाइनवरचा तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवायची.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर लोकपालाकडे जाता येतं. तिथेही फी नाही.

स्लाइड 9 : तक्रारीनंतर येणारा फोन

"सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे 93,500 सापडलेत, प्रोसेसिंग फी 2,000 भरा." एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे फिरत असतात, त्यामुळे हा फोन यायची शक्यता बरीच. पैसे सोडवायला पोलीस, बँक किंवा न्यायालय कुणीही यूपीआयवर फी मागत नाही. पोच क्रमांक टाकून तक्रारीची स्थिती `cybercrime.gov.in` वर स्वतः बघा, आणि हा नवा नंबरही त्याच तक्रारीच्या तपास अधिकाऱ्याला द्या.