फ्रिजमधलं काळं केळं खायचं की टाकायचं?

मुंबईच्या मे महिन्यात सकाळी आणलेली पिवळीधमक केळी दुसऱ्या दिवशी मऊ पडू लागतात, म्हणून आपण ती फ्रिजमध्ये टाकतो. एक-दोन दिवसांत साल काळीकुट्ट होते आणि चांगली केळी कचऱ्याच्या डब्यात जातात. वाईट वाटतं, कारण त्यातली बहुतेक आत धडधाकट असतात.

केळं हे उष्ण प्रदेशातलं फळ. साधारण १३ अंश सेल्सिअसखालची थंडी त्याला सोसत नाही, आणि फ्रिजमध्ये तापमान असतं ४ अंशांच्या आसपास. पेशींचे पातळ पडदे स्निग्ध पदार्थांचे असतात. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं तसे हे पडदे गारठ्यात ताठ होतात आणि गळू लागतात. मग एरवी पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली दोन द्रव्यं एकत्र येतात. एक डोपामिनसारखी फिनॉल गटातली संयुगं, दुसरं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर. हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीनं त्यांच्यापासून तपकिरी-काळं रंगद्रव्य तयार होतं. आपल्या केसांना काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनच्याच कुळातलं ते आहे. त्यात जंतूंचा काही हात नसतो.

हे डोपामिन गरापेक्षा सालीत कितीतरी जास्त असतं, म्हणून काळिमा सालीवरच उमटतो. गराचं पिकणं मात्र थंडीमुळे मंदावतं. त्यामुळे बाहेर ठेवलेलं केळं काळं पडलं तर ते अतिपिकलेलं समजावं, पण फ्रिजमध्ये सालीच्या रंगावरून वय ओळखता येत नाही. सोमवारी पिवळी, घट्ट असताना आत ठेवलेली केळी बुधवारी काळी दिसली तरी सोलल्यावर गर पांढरट-पिवळा, जवळजवळ सोमवारइतकाच घट्ट निघतो. ती खुशाल खावीत. गर थोडा मऊ झाला असेल तर शिकरण करावी.

टाकायचं कधी, ते सोलून कळतं. देठाशी पांढरी किंवा करडी बुरशी, साल फाटून गळणारं पाणी, दारूसारखा आंबूस वास, चिकट बुळबुळीत गर, यांपैकी काहीही दिसलं तर केळं टाकून द्यावं. गरावर एखादा तपकिरी डाग असेल आणि वास चांगला असेल, तर तो बहुधा मार लागल्याचा असतो. तेवढा भाग काढून बाकीचं खाता येतं.

हिरवट केळी मात्र फ्रिजमध्ये कधीच ठेवू नयेत. पिकण्याची यंत्रणाच थंडीनं बिघडते, आणि नंतर बाहेर काढली तरी ती नीट पिकत नाहीत. पिठूळ, बेचव राहतात. म्हणूनच केळ्यांची लांबवरची वाहतूक १३-१४ अंशांवर करतात. घरी हिरवट फणी आणली तर ती ओट्यावर पूर्ण पिवळी होऊ द्यावी आणि उरतील तेवढीच केळी फ्रिजमध्ये ठेवावीत.