लॉगच्या रेषेत टक्के कुठून येतात?

"शिक्षणाचं एक जादा वर्ष म्हणजे दहा टक्के जादा कमाई" हे वाक्य अहवालांत, बातम्यांत आणि महागड्या अभ्यासक्रमांच्या जाहिरातींतही भेटतं. बहुतेक वेळा त्या दहा टक्क्यांचा उगम एखाद्या रिग्रेशनच्या, म्हणजे माहितीवर समीकरण बसवण्याच्या पद्धतीच्या, तक्त्यात असतो. मजा अशी की त्या तक्त्यात टक्के कुठेच लिहिलेले नसतात. तिथे असतो ०.१०७ सारखा एक साधा दशांश. त्याचे टक्के कसे होतात, आणि कधी होत नाहीत, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे.

यातलं सर्वांत गाजलेलं समीकरण अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांच्या १९७४ सालच्या पुस्तकातलं. अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेतल्या, शेतीबाहेर काम करणाऱ्या सुमारे ३१ हजार गोऱ्या पुरुषांची १९५९ सालची कमाई त्यांनी घेतली. पण थेट डॉलरमध्ये नाही. आधी प्रत्येकाच्या कमाईचा नैसर्गिक लॉग घेतला आणि मग त्यावर समीकरण बसवलं:

ln(कमाई) = ६.२० + ०.१०७ × शिक्षण + ०.०८१ × अनुभव − ०.००१२ × अनुभव²

शिक्षण आणि अनुभव दोन्ही वर्षांत मोजलेले. अनुभव तेवढाच ठेवून शिक्षण एका वर्षाने वाढवलं, की उजवी बाजू ०.१०७ ने वाढते. हा शिक्षणाचा चढ. म्हणजे कमाईचा लॉग ०.१०७ ने वाढला. पण लॉग कुणाच्या खिशात येत नाही, डॉलर येतात. मग डॉलर किती वाढले?

यासाठी लॉगची मला सर्वांत आवडणारी व्याख्या वापरू या. १/x चा आलेख काढा. x वाढतो तशी वक्राची उंची कमी होत जाते: १ पाशी उंची १, २ पाशी अर्धी, ४ पाशी पाव. आता १ पासून एखाद्या संख्येपर्यंत या वक्राखाली जेवढं क्षेत्रफळ सापडतं, तोच त्या संख्येचा नैसर्गिक लॉग.

या चित्रात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली: १ ते १.१० या पट्टीचं क्षेत्रफळ आणि ५००० ते ५५०० या पट्टीचं क्षेत्रफळ अगदी सारखं असतं. दुसरी पट्टी पाच हजारपट रुंद आहे, पण तिथे वक्र पाच हजारपट बुटका आहे, म्हणून हिशेब फिटतो. म्हणजे लॉगमधला फरक सुरुवात कुठून केली हे पाहतच नाही, किती पट झाली एवढंच पाहतो. पाच हजार कमावणाऱ्याला आणि पन्नास हजार कमावणाऱ्याला एकच चढ लागू करता येतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाचं उत्तरच आहे. १ पासून उजवीकडे एक अरुंद पट्टी घ्या. तिची उंची जवळजवळ १ आहे, म्हणून तिचं क्षेत्रफळ जवळजवळ तिच्या रुंदीइतकंच. क्षेत्रफळ म्हणजे लॉगमधली वाढ, म्हणजेच आपला चढ. रुंदी म्हणजे मूळ रकमेच्या तुलनेत झालेली वाढ, म्हणजे टक्के. पट्टी अरुंद असेपर्यंत दोन्ही आकडे सारखे दिसतात, आणि म्हणून ०.१०७ ला "सुमारे १०.७ टक्के" म्हणता येतं. दहाच्या पायाचा लॉग घेतला असता तर ही सोय गेली असती. तिथे प्रत्येक चढाला आधी सुमारे २.३०३ ने गुणावं लागतं. तक्ता वाचताना कोणता लॉग आहे ते आधी बघावं.

"जवळजवळ" हा शब्द मात्र विसरू नये. उजवीकडे जाताना वक्र उतरत असतो, त्यामुळे ०.१०७ एवढं क्षेत्रफळ भरायला ०.१०७ पेक्षा थोडी जास्त रुंदी लागते. नेमकी किती, ते e, म्हणजे सुमारे २.७१८, या संख्येचा ०.१०७ वा घात काढून त्यातून १ वजा केला की मिळतं: ०.११३. म्हणजे खरी वाढ ११.३ टक्के. एका वर्षासाठी हा फरक क्षुल्लक आहे. चार वर्षांसाठी नाही. चार वर्षांचा चढ ०.४२८ होतो. समजा एखाद्याची कमाई ५००० डॉलर आहे. "४२.८ टक्के" म्हटलं तर ७१४० डॉलर येतात. घात काढला तर कमाई १.५३४ पट, म्हणजे सुमारे ७६७० डॉलर. पट्टी रुंद झाली, वक्र बराच उतरला आणि पाचशेहून अधिक डॉलर हिशेबातून गळाले. चक्रवाढ व्याज सरळव्याजाने मोजल्यावर होतं तेच हे.

डावीकडे गेलं की उलटं घडतं. तिथे वक्र १ पेक्षा उंच आहे, त्यामुळे तेवढंच क्षेत्रफळ कमी रुंदीत भरतं. −०.५१ हा चढ म्हणजे ५१ टक्के घट नाही, सुमारे ४० टक्के. हा घोटाळा "आहे किंवा नाही" अशा, म्हणजे माणसांचे दोनच गट पाडणाऱ्या, चलांच्या बाबतीत जास्त होतो, कारण तिथे फरक मोठे असतात आणि पट्टी लहान करण्याची सोय नसते. हॅल्वर्सन आणि पामक्विस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९८० साली अशा चलांचे चढ सरळ टक्के म्हणून वाचणं चूक आहे हे दाखवून दिलं. कुठल्या गटाला पाया मानलं यावरही वाक्य बदलतं: पहिल्या गटाची कमाई दुसऱ्यापेक्षा ४० टक्के कमी असेल, तर दुसऱ्याची पहिल्यापेक्षा सुमारे ६७ टक्के जास्त असते. दोन्हीकडे चढाचा आकडा ०.५१ च, फक्त चिन्ह वेगळं. आणि एखाद्या अहवालात "१२० टक्के घट" दिसली, तर कुणीतरी −१.२ ला थेट शंभरने गुणलं असण्याचा दाट संशय घ्यावा. खरी घट सुमारे ७० टक्के असते.

आता जाहिरातींबद्दल. मिन्सर यांचा आकडा वेगवेगळ्या माणसांची तुलना करतो. एकाच माणसाला आणखी वर्षभर वर्गात बसवलं तर काय होईल, याची हमी तो देत नाही. अनुभव समीकरणातून काढून टाकला तर त्याच माहितीत शिक्षणाचा चढ ०.०७० येतो, आणि अनुभव धरूनही माणसामाणसांतल्या फरकाचा ३० टक्क्यांहून कमी भाग या समीकरणाला कळतो. असा आकडा "तुमचा पगार इतका वाढेल" म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

राहता राहिलं शून्य. वक्राकडे पुन्हा पाहा: x शून्याकडे सरकतो तसा तो आभाळाला भिडतो आणि क्षेत्रफळाला अंत राहत नाही. म्हणून चढ कितीही उणे असला तरी घट शंभर टक्क्यांपर्यंत पोचत नाही, आणि ज्याची कमाई शून्य आहे त्याचा लॉगही काढता येत नाही. बेरोजगारांना यादीत ठेवण्यासाठी काही संशोधक प्रत्येक रकमेत १ मिळवून मग लॉग घेतात. त्यात टक्क्यांचा अर्थच हरवतो. शून्यावरून ५००० रुपयांवर गेलेल्या माणसाचा लॉग रुपयांत मोजल्यास ८.५ ने वाढतो, आणि हजार रुपयांच्या एककात मोजल्यास १.८ ने. माणूस तोच, पैसे तेवढेच. चेन आणि रॉथ या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली दाखवलं की एखाद्या योजनेमुळे माणसं शून्यावरून वर येत असतील, तर नुसतं एकक बदलून परिणामाचा हवा तेवढा आकडा काढता येतो. अशा वेळी दोन प्रश्न वेगळे विचारावेत: किती जणांना काम मिळालं, आणि ज्यांना आधीपासून होतं त्यांची कमाई किती टक्क्यांनी बदलली. लॉगचा चढ फक्त दुसऱ्या प्रश्नाला लावता येतो.