शीर्षकाचं मराठी : 'यात्रिक क्रमण' ते 'एका कोळियाने'

परभाषेतलं पुस्तक किंवा नाटक मराठीत आणताना शीर्षकाचं काय करायचं, हा प्रश्न मराठीत छापखाना आला तेव्हापासूनचा आहे. शब्दाला शब्द ठेवावा, मूळ नाव देवनागरीत उतरवावं, की सरळ नवं नाव द्यावं? या तिन्ही वाटा गेली पावणेदोनशे वर्षं वापरात आहेत. कोणती वाट कधी पुढे आली हे पाहिलं, तर त्या त्या काळचा मराठी वाचक काय ओळखत होता आणि काय ओळखत नव्हता, हे कळतं.

हरि केशवजींनी १८४१ साली बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'ला 'यात्रिक क्रमण' हे नाव दिलं. शब्दाला शब्द आहे, पण दोन्ही शब्द संस्कृताच्या ओळीत बसणारे. भाषांतरित ग्रंथाला भारदस्तपणा हवा तर संस्कृताकडे जायचं, ही तेव्हाची रीत होती. आगरकरांनी १८८३मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं तेव्हा शीर्षक केलं 'विकारविलसित', आणि 'अथवा' घालून पुढे हे शेक्सपीअरच्या हॅम्लेट नाटकाचं भाषांतर असल्याचंही सांगितलं. हे जोडशीर्षक मला फार प्रामाणिक वाटतं. पहिला भाग नाटकाचा विषय सांगतो, दुसरा मूळ कृतीचा पत्ता देतो. हॅम्लेट हे नाव नुसतं छापून चालणार नाही आणि लपवूनही चालणार नाही, हे दोन्ही त्यात आलं.

या तीन वाटांची अदलाबदल 'ऑथेल्लो'च्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी नाव जसंच्या तसं ठेवलं : 'अथेल्लो'. देवलांनी १८९०मध्ये तेच नाटक रंगभूमीसाठी घेतलं आणि त्याचा 'झुंजारराव' केला. पात्रंही मराठी झाली, कारण प्रेक्षकाला समोर झुंजणारा, संशयाने पेटणारा आपल्यातला माणूस दिसायला हवा होता. पुढे १९६१मध्ये शिरवाडकरांनी पुन्हा 'ऑथेल्लो' हेच नाव लावलं. तोवर शेक्सपीअर महाविद्यालयांतून शिकवला जात होता आणि ते नाव ऐकून दचकणारा वाचक फारसा उरला नव्हता. म्हणजे नाव देवनागरीत उतरवणं हा नेहमीच आळस नसतो. वाचक ते नाव आधीच ओळखत असेल तर तीच सर्वांत सरळ वाट ठरते.

कोकणाचा यात मोठा वाटा आहे. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर, दोघांनीही शेक्सपीअर मराठीत आणला. विंदांचं १९७४चं 'राजा लिअर' पाहा. 'किंग'चा राजा केला, 'लिअर'ला हात लावला नाही. पाडगावकरांनी 'टेम्पेस्ट'चं सरळ 'वादळ' केलं. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला त्या शब्दासाठी कोश उघडावा लागत नाही. मान्सूनच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारून ठेवणाऱ्या गावांत 'वादळ' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. तिथे 'झंझावात' लिहिलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, पण वारा कमी झाला असता.

आता ज्या शीर्षकासाठी हे सगळं सांगतो आहे, ते घेऊ. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' १९५२ साली आली. क्यूबाच्या किनाऱ्यावरचा म्हातारा सान्तियागो. चौऱ्याऐंशी दिवस त्याला एक मासा लागलेला नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी तो एकटाच खोल समुद्रात जातो, प्रचंड मार्लिन गळाला लागतो, झुंज दिवस-रात्र चालते, आणि परतीच्या वाटेवर शार्क तो मासा खाऊन टाकतात. पु. ल. देशपांड्यांनी १९६५मध्ये हे पुस्तक मराठीत आणलं आणि नाव ठेवलं 'एका कोळियाने'.

शब्दशः गेलं असतं तर काय झालं असतं? 'म्हातारा आणि समुद्र'. चूक काहीच नाही, पण इंग्रजीत 'ओल्ड मॅन' म्हणताना जो आदर आणि जवळीक एकत्र येते ती 'म्हातारा'त येत नाही. एकटा 'म्हातारा' शीर्षकात उभा केला की थोडा उपेक्षित वाटतो. 'वृद्ध' घेतला तर तो होडीत न बसता आरामखुर्चीत बसतो. दुसऱ्या शब्दाचाही पेच आहे. 'सागर' कवितेचा, 'समुद्र' भूगोलाचा, आणि मासेमाराच्या तोंडी 'दर्या'. 'म्हातारा आणि दर्या' म्हटलं की पहिला शब्द घरचा, दुसरा होडीतला आणि मधला 'आणि' पाठ्यपुस्तकातला, असं तिघांचं तीन तऱ्हांनी बोलणं होतं.

पु. लं.नी दोन्ही शब्द सोडून दिले आणि जुन्या शालेय कवितेतली सुरुवात उचलली : 'एका कोळियाने एकदा आपुले जाळे बांधियेले उंच जागी'. त्या कवितेतला कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा. तो चढतो, पडतो, पुन्हा चढतो. मराठीत त्याच शब्दाने मासे मारणाराही ओळखला जातो. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतूनही पुन्हा होडी लोटणारा सान्तियागो या एका शब्दात त्या हट्टी किड्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. मूळ शीर्षकातलं म्हातारपण गेलं, समुद्रही गेला. जे आलं ते कादंबरीच्या गाभ्यातलं आहे : पडून पुन्हा चढणं.

याची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. आज आपण 'कोळ्याने' म्हणतो, पु. लं.नी 'कोळियाने' ठेवलं. हा 'ळिया' काढून 'एका कोळ्याने' लिहून बघा. वाक्याचा अर्थ तसाच राहतो, पण कवितेची चाल लागत नाही आणि वर्तमानपत्रातली बातमी सुरू झाल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट व्याकरणाची. 'ने' लागला की मराठी कान क्रियापदाची वाट पाहतो. एका कोळियाने... काय केलं? शीर्षक अपुरं सोडलेलं आहे आणि ते पुरं करायला पुस्तक उघडावं लागतं. इंग्रजी शीर्षकात दोन नामं शेजारी शांत उभी आहेत, मराठी शीर्षक मात्र पुढे झुकलेलं आहे.

याला मर्यादाही आहेत आणि त्या किनाऱ्यावरच जास्त कळतात. सान्तियागो जाळं टाकत नाही, तो गळ आणि दोरी घेऊन बसतो. आपल्याकडे त्याला गरवणं म्हणतील. कवितेतलं जाळं मनात घेऊन वाचायला बसलेल्याला पहिल्या पानांत हे जुळवून घ्यावं लागतं. शिवाय सगळ्या कोकणात मासेमाराला कोळी म्हणत नाहीत. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा शब्द थेट समाजाचं नाव आहे. रत्नागिरीत खारवी आणि दालदी भेटतात, मालवण-वेंगुर्ल्याकडे गाबीत. तिथल्या वाचकाला 'कोळी' प्रमाण मराठीतून समजतो, स्वतःच्या वाडीतून नाही. आणि सर्वांत मोठी अडचण पाठांतराची. ती कविता ज्यांच्या तोंडी होती त्यांना शीर्षक एका क्षणात लागलं. ज्यांच्या क्रमिक पुस्तकात ती नव्हतीच, त्यांना ते नुसतं जुन्या वळणाचं वाटतं. उसन्या ओळीवर बेतलेलं शीर्षक ती ओळ लोकांच्या तोंडी असेपर्यंतच पूर्ण बोलतं.

नवं नाव देणं हा काही पु. लं.चा नियम नव्हता. मनोहर माळगावकरांच्या इंग्रजी चरित्राच्या शीर्षकात कान्होजी आंग्र्यांच्या नावापुढे 'मराठा ॲडमिरल' अशी ओळख जोडलेली होती. मराठीत पु. लं.नी नुसतं 'कान्होजी आंग्रे' ठेवलं. अलिबागला ज्यांची समाधी आहे त्या सरखेलांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची नव्हती. 'एनिथिंग कॅन हॅपन'चं 'काय वाट्टेल ते होईल' हे शब्दशः आहे, तरी 'काहीही घडू शकतं' असं ते बेचव झालं नाही, कारण मराठी माणूस ते जसं म्हणेल तसंच लिहिलं. म्हणजे एकाच लेखकाने एका पुस्तकाला जुनी ओळ दिली, दुसऱ्याला नाव तेवढं ठेवलं, तिसऱ्याला शब्दाला शब्द दिला.

सिनेमाने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. प्रभात एकच चित्रपट मराठी-हिंदीत काढी, तेव्हा 'माणूस'चा 'आदमी' आणि 'शेजारी'चा 'पडोसी' सहज झाला. पण १९३७चा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया ना माने' झाला. गंमत अशी की तो ज्या कादंबरीवर होता, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वर, तिच्या नावाशी हिंदी शीर्षकच जास्त जवळचं आहे.

अलीकडे बाजार देवनागरीत उतरवण्याकडे झुकला आहे. जगभर गाजलेलं नाव मुखपृष्ठावर ओळखू यावं, हे प्रकाशकाचं कारण रास्त आहे. 'पॅपिलॉन' त्याच वाटेने आलं आणि मराठीत भरपूर वाचलं गेलं. पण आता इंग्रजी 'द'सुद्धा सोबत येतो, आणि वाचनालयाच्या अकारविल्हे यादीत अशी पुस्तकं सगळी 'द'खाली गोळा होतात. शोधणारा मात्र पुढच्या शब्दाने शोधत असतो. त्याच काळात 'हॅरी पॉटर आणि परीस' हे शीर्षकही झालं. नाव तसंच ठेवून 'फिलॉसॉफर्स स्टोन'साठी परीस घेतला. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडे आधीपासून आहे हे ज्याला आठवलं, त्याचं काम मला मोठं वाटतं.

'एका कोळियाने'ला आता नवे शेजारी येऊ शकतात. हेमिंग्वे १९६१ साली गेले. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे त्यांच्या हयातीत छापलेलं मूळ लेखन २०२२पासून इथे कुणालाही अनुवादित करता येतं. पु. लं.चा अनुवाद मात्र त्यांच्या हक्कात आहे. नुसत्या शीर्षकावर स्वामित्वहक्क लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सांगितलं आहे. तेव्हा नव्या अनुवादकाला जुनं शीर्षकही कायद्याने बंद नाही. पण ते वाचकांच्या मनात पु. लं.च्या नावाशी इतकं बांधलेलं आहे की दुसऱ्याने ते घेऊ नये असं मला वाटतं. मालवणातल्या एखाद्या गाबीत घरातल्या मुलीने हे पुस्तक हाती घेतलं, तर तिच्याकडे गरी आहे, पात आहे, वल्हं आहे, मुशी-मोरी आहेत. तिचं शीर्षक त्यांतून यावं.