पूल हलायला लागला तो पावलं जुळली म्हणून का? तीन आकड्यांनी उत्तर

लंडनच्या मिलेनियम ब्रिजचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात परत एकदा ग्रुपवर फिरत आला. पूल 10 जून 2000 ला उघडला, लोकांची झुंबड उडाली, पूल आडवा डुलायला लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. खाली नेहमीची कॅप्शन: "रेझोनन्स! सगळ्यांची पावलं एका तालात पडली म्हणून." आणि त्याखाली एका काकांचं, विश्वातली प्रत्येक गोष्ट व्हायब्रेशन आहे, तुमची फ्रिक्वेन्सी वाढवा, सोबत कसल्यातरी ब्रेसलेटची लिंक. ब्रेसलेटबद्दल एवढंच की फ्रिक्वेन्सी वाढून काही भलं होत नाही, झोका थांबतो तो डॅम्पिंगने, म्हणजे हालचालीची ऊर्जा जिरवणाऱ्या रोधाने.

पुलाचं प्रकरणही मुळात डॅम्पिंगचंच. पूल जरा आडवा सरकला की चालणारा माणूस तोल सांभाळायला पाय किंचित बाजूला टाकतो, आणि त्या पावलाचा धक्का सरासरीने पूल जिकडे चाललाय तिकडेच बसतो. म्हणजे प्रत्येक माणूस पुलाच्या डॅम्पिंगमधला थोडा थोडा भाग खातो. नंतर पुलावर माणसं मोजून टेस्ट घेतली तेव्हा एका भागावर साधारण 166 माणसांपर्यंत फारसं काही झालं नाही, त्यापुढे मात्र डुलणं झपाट्याने वाढलं. नुसता रेझोनन्स असता तर माणसांबरोबर हलणं हळूहळू वाढत गेलं असतं, असा उंबरठा दिसला नसता.

हा उंबरठा गणितात कसा दिसतो ते बघू, आणि त्यासाठी मला ज्याचं वेड आहे ते ल्यापुनोव्हचं समीकरण वापरू. अलेक्सांद्र ल्यापुनोव्ह हा रशियन गणिती, 1892 चा त्याचा प्रबंध. पुलाचं खेळण्यातलं मॉडेल घ्या: वस्तुमान 1, स्प्रिंगचा ताठपणा 4, डॅम्पिंग c. जागेपासून किती सरकलं ते x, वेग v, दोन्ही मिळून z, आणि z चा बदलाचा दर म्हणजे Az.

```
A = [ 0   1 ]      P = [ p1  p2 ]
    [-4  -c ]          [ p2  p3 ]

AᵀP + PA = -Q,   Q = [ 1  0 ]
                     [ 0  1 ]
```

हे समीकरण येतं कुठून? आपल्याला V = zᵀPz असा एक आकडा हवाय जो पूल हलत असताना सतत कमीच होत जाईल. V चा बदलाचा दर काढला की AᵀP + PA आपोआप समोर येतं, आणि तो दर बरोबर -(x² + v²) असावा अशी आपण अट घालतो. अनोळखी फक्त तीन, वहीच्या कोपऱ्यात सुटतं:

```
-8·p2           = -1
 p1 - c·p2      = 4·p3
 2·p2 - 2c·p3   = -1
```

पहिल्या ओळीतून p2 = 0.125, c काहीही असो. c = 1 घेतलं तर तिसऱ्या ओळीतून p3 = 0.625 आणि मधलीतून p1 = 2.625. आता P पॉझिटिव्ह डेफिनिट आहे का, म्हणजे शून्य सोडून कुठलंही z घातलं तरी V शून्याच्या वरच राहतो का, V चा आलेख सरळ ठेवलेल्या वाडग्यासारखा आहे का? p1 पॉझिटिव्ह आहे, आणि p1·p3 - p2² = 1.625, तेही पॉझिटिव्ह. झालं, सिस्टीम स्थिर. आयगनव्हॅल्यू काढल्याच नाहीत.

आता माणसं चढवा. c = 0.1 केलं की p3 = 6.25 आणि p1 जवळजवळ 25, म्हणजे P दहापट फुगला. c = 0 केलं तर पहिली ओळ म्हणते p2 = 0.125 आणि तिसरी म्हणते p2 = -0.5, उत्तरच नाही. हाच उंबरठा. c = -1 केलं तर उत्तर परत मिळतं, पण p1 = -2.625, p3 = -0.625, वाडगा उलटा झाला. म्हणून समीकरण सुटलं एवढ्यावर खूश व्हायचं नाही, P चं चिन्ह बघायचं.

बहुतेक लोक इथे वही मिटतात, पण मला आवडतं ते P मधल्या आकड्यांचा अर्थ लावणं. एक टाकी समजा, V म्हणजे तिच्यातलं पाणी, आणि नळातून दर क्षणी x² + v² एवढं पाणी जातं. सिस्टीम स्थिर असेल तर शेवटी z शून्यावर येतं आणि टाकी रिकामी होते. मग एकूण किती पाणी गेलं? जेवढं सुरुवातीला होतं तेवढंच! म्हणजे पूल 1 ने सरकवून सोडला तर थांबेपर्यंत होणारी एकूण हालचाल (x² + v² ची पूर्ण काळातली बेरीज) म्हणजे p1 = 2.625. ताळाही घेता येतो: सुरुवातीची स्प्रिंगमधली ऊर्जा 2, आणि c = 1 असताना ती सगळी v² च्या रूपाने डॅम्परमध्ये जिरते, म्हणजे 2.625 पैकी 2 वेगाचे आणि उरलेले 0.625 सरकण्याचे. जागेवरच असताना वेग 1 चा धक्का दिला तर एकूण फक्त p3 = 0.625. आणि p2 पॉझिटिव्ह का? सरकलेला पूल आणखी बाहेरच चाललाय (x = 1, v = 1) तर एकूण 3.5, आत परत येतोय (v = -1) तर 3. चूक आहे का यात काही, बाहेर जाणारा जास्त वेळ घेणारच. c घटवला की p1 का फुगतो तेही इथेच कळतं, आणि c निगेटिव्ह झाल्यावर टाकी रिकामीच होत नाही, म्हणून तिथल्या आकड्यांना हा अर्थ लावायचा नाही.

नवशिक्यांची एक चूक सांगतो, मीही केलीये. लोक आधी P निवडतात, साधा युनिट मॅट्रिक्स, आणि x² + v² कमी होतंय का बघतात. c = 1 असताना x = 1, v = -1 ला त्याचा दर येतो +4, वाढतंय! मग घाबरून लिहितात "अस्थिर". तसं नाही, तो वाडगा चुकीचा निवडला एवढंच. Q निवडायचा आणि P सोडवायचा, उलटं नाही. आणि P वरून स्थिरतेचा वेग काढायला गेलात तर उत्तर हात राखून मिळतं: या Q ने हमी मिळते ती घसरणीचा दर निदान 0.19 असल्याची, खरा दर 0.5 आहे.

मोठ्या मॅट्रिक्सला वही पुरत नाही, 100 × 100 ला 5050 अनोळखी, तिथे 1972 ची बार्टेल्स-स्टुअर्ट पद्धत असलेलं सॉफ्टवेअर लागतं. पायथनमध्ये असं:

```
P = solve_continuous_lyapunov(A.T, -Q)
```

scipy.linalg मधलं हे फंक्शन AX + XAᵀ = Q सोडवतं, म्हणून .T आणि मायनस दोन्ही आपणच द्यायचे. मायनस विसरलात तर चिन्ह उलटून स्थिर पूल अस्थिर दिसेल, ते निदान लक्षात तरी येतं. .T विसरणं जास्त वाईट: आपल्या उदाहरणात 0.75, -0.5, 2.5 असे आकडे येतात, तेही पॉझिटिव्ह डेफिनिट, म्हणजे स्थिर-अस्थिरचा निकाल बरोबरच, पण टाकीचा हिशोब पार चुकलेला. ओळखायचं कसं? मिळालेला P परत AᵀP + PA मध्ये घालून -Q येतोय का बघायचं, एका ओळीचं काम.

खऱ्या पुलावर डुलणं कायम वाढत राहिलं नाही, कारण लोक घाबरून थबकले, कठडे धरले आणि c परत बदलला. तो भाग या रेषीय समीकरणाबाहेरचा. इंजिनिअरांनी मात्र c वरच काम केलं, इतर उपायांबरोबर 37 द्रव भरलेले डॅम्पर बसवले, आणि फेब्रुवारी 2002 मध्ये पूल परत उघडला.