चेहरा आपला, मागचं दृश्य बनवलेलं: आत्मचित्र-कोलाजच्या पाठाची पार्श्वभूमी

चित्रकलेच्या तासाला हल्ली दिला जाणारा हा पाठ सांगायला सोपा आहे. विद्यार्थ्याने स्वतःचा फोटो घ्यायचा, मागे काय हवं ते शब्दांत लिहून एआयकडून दृश्य तयार करून घ्यायचं आणि दोन्ही जोडून आत्मचित्र करायचं. साधन नवं आहे, जोडकाम मात्र जुनंच. १८६०-७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया छोट्या कार्ड-फोटोंमधले आप्तांचे चेहरे कापून जलरंगातल्या बागांत, दिवाणखान्यांत, कधी चक्क बदकांच्या धडांवर चिकटवत असत. पॅरिसमध्ये १९१२ साली वेताच्या जाळीची छपाई असलेला कापडाचा तुकडा कॅनव्हासवर चिकटवला गेला आणि कोलाजला कलेच्या इतिहासात जागा मिळाली. त्याच्या कितीतरी आधी हे काम घरातल्या टेबलांवर चालू होतं.

आपल्याकडचं सर्वांत जवळचं उदाहरण राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथले चित्रकार श्रीनाथजींच्या दोन्ही बाजूंना हात जोडून उभे असलेले यात्रेकरू रंगवत, पण चेहऱ्याच्या जागी त्या यात्रेकरूंचे खरे फोटो कापून लावत आणि मानेपाशी दिसणारा सांधा रंगाने बुजवत. देह रंगवलेला, देव रंगवलेला, चेहरा तेवढा फोटोतला. गावोगावच्या फोटो स्टुडिओंतले ताजमहालाचे, बागेचे, विमानाचे रंगवलेले पडदे हाही याच घराण्यातला प्रकार. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: मागचं दृश्य हवं तसं बदललं जाई, चेहरा मात्र फोटोतलाच राही.

ही सीमा संगणकावर लेयर आले तेव्हाही टिकली. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चेहरा एका थरावर आणि देखावा दुसऱ्या थरावर ठेवता येऊ लागला, पण ते शेवटी कापून चिकटवणंच होतं. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांतल्या मुलांनी आपल्यामागे समुद्रकिनारे आणि अंतराळयानं लावली. मान हलवली की केसांची कड तुटायची, कान गायब व्हायचा, आणि जोड कुठे आहे ते मुलांना आपोआप दिसायचं.

खरा बदल २०२२ मधला. त्या वर्षी मजकुरावरून चित्र बनवणारी साधनं एकामागून एक लोकांच्या हाती आली आणि ऑगस्टमध्ये त्यांतलं एक मॉडेल कोणीही उतरवून घ्यावं असं खुलं झालं. मे २०२३ मध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फोटो-संपादन प्रणालीच्या चाचणी आवृत्तीत, निवडलेला भाग शब्दांवरून भरून देणारी सोय आली. फोटो चढवा, मागचा भाग निवडा, काय हवं ते लिहा. वर्गातल्या पाठाला इथूनच दोन फाटे फुटले. काही शिक्षक फोटोच साधनाला देऊ लागले. काहींनी ठरवलं की साधनाकडून फक्त रिकामं दृश्य घ्यायचं आणि चेहरा बाहेरच ठेवून कात्रीने किंवा लेयरवर जोडायचा.

पहिल्या बाजूचं म्हणणं वजनदार आहे. फोटो आत दिला की उजेड जुळतो, खांद्यावर सावली पडते, कड सफाईने मिसळते. ज्या मुलांचा हात कात्रीवर बसत नाही त्यांनाही काम पूर्ण करता येतं. पण या पद्धतीत चेहरा चेहरा राहतो का, हा प्रश्न आहे. २०२२ मध्ये खुलं झालेलं ते मॉडेल ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र आधी ६४ बाय ६४ च्या आकड्यांच्या जाळीत आकसून घेतं, त्यावर काम करतं आणि मग पुन्हा फुलवतं. म्हणजे मूळ चित्रातला आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन जाळीतल्या एका खान्यात बसतो. मूल पूर्ण उभं असेल आणि चेहऱ्याची रुंदी साठेक पिक्सेल असेल, तर त्या चेहऱ्याच्या रुंदीला आठच खाने मिळतात. म्हणून दूरचे चेहरे विरघळल्यासारखे येतात. चेहऱ्याचा भाग निवडीबाहेर ठेवला तरी संपूर्ण चित्र त्या आकसण्या-फुलण्यातून गेलेलं असतं. मूळ फोटोतला चेहरा परत वर बसवला नाही, तर त्यात बारीक फरक पडतोच. नंतरची साधनं यात बरीच सुधारली आहेत, तरी तपासायची रीत तीच: मूळ फोटो शेजारी धरून तीळ, दातांची ओळ, कानाची पाळी आणि चष्म्याची काडी पाहायची. आत्मचित्रातून तीळ गेला, तर ते सफाईदार असूनही त्या मुलाचं राहिलेलं नसतं. माझं झुकतं माप म्हणूनच कात्रीकडे आहे.

कात्रीची पद्धत सोपी मात्र नाही. नववीतल्या एका मुलीने मागे आपल्या चाळीची गॅलरी हवी म्हणून फक्त ‘चाळीची गॅलरी, सकाळ’ असं लिहिलं आणि तिला कोरीव झरोका, पिवळट धूळ आणि फेटा बांधलेला म्हातारा मिळाला. हे नवल नाही. २०२३ मध्ये एका वृत्तमाध्यमाने अशाच एका साधनाकडून ‘भारतीय व्यक्ती’ची चित्रं मोठ्या संख्येने काढून घेतली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला वृद्ध पुरुषच आला होता. मुलीने मग बसून आठवून लिहिलं: दुसरा मजला, लाकडी कठडा, हिरवा उडालेला रंग, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, ऊन डावीकडून, माणूस नको, नजर कठड्याच्या उंचीवर. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या स्मरणचित्राची ज्यांनी तयारी केली असेल त्यांना हे लिहिणं ओळखीचं वाटेल. डोळ्यांसमोर नसलेलं आठवून तपशिलात उतरवण्याचीच ती सवय आहे.

या वेळी गॅलरी ओळखीची आली, पण चेहरा तिच्यावर तरंगत होता. फोटो वर्गातल्या ट्यूबलाइटखाली काढलेला, त्यामुळे नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली. गॅलरीत मात्र ऊन बाजूने. तिने डाव्या हाताला खिडकी ठेवून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो पुन्हा काढला आणि अर्धं काम तिथेच झालं. उरलं छपाईचं. साधनाने दिलेलं दृश्य १०२४ पिक्सेल रुंद होतं. ते ए-४ च्या २१ सेंटीमीटर रुंदीवर पसरलं की इंचाला १२४ च्या आसपास ठिपके उरतात, तर मोबाइलचा फोटो त्याहून कितीतरी धारदार. धूसर गॅलरीसमोर लख्ख चेहरा परका दिसतो. तिने कागद अर्धा, म्हणजे ए-५ घेतला. दोन्ही प्रिंट एकाच कागदावर, एकाच प्रिंटरवर काढल्या आणि केसांची कड बोटांनी न फाडता कात्रीने बारीक कापली, म्हणजे फाटलेल्या कागदाची पांढरी रेघ उठून दिसली नाही.

या वादात नंतर कायदाही आला. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असं म्हटलं आहे. मुलाचा चेहरा बाहेरच्या सर्व्हरवर चढवायचा की नाही, हा प्रश्न त्यामुळे कलेपुरता राहिला नाही. रिकामी गॅलरी मागवणाऱ्या वाक्यात मात्र कोणाचा चेहरा नसतो, आणि ते वाक्य शिक्षक स्वतःच्या खात्यावरून टाइप करून प्रिंट हातात देऊ शकतो. गुण देताना आता तयार चित्राइतकंच त्यामागचं पानही मागितलं जाऊ लागलं आहे: मूळ फोटो, पहिलं वाक्य, दुरुस्त केलेलं वाक्य आणि नाकारलेलं दृश्य, सगळं कोलाजच्या पाठीवर चिकटवलेलं.