नेट नसताना दोन फोनवर एकच पावती बदलली तर?
(केळी कटाई-पावती अ‍ॅप वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांत रेंज मिळेलच असं नाही. म्हणून आपलं अ‍ॅप पावती आधी फोनमध्येच साठवतं आणि नेट आलं की सर्व्हरला पाठवतं. एकाच फोनवर काम असेल तर यात अडचण नाही. पण बागेत मुकादम आणि पेढीवर दिवाणजी एकाच पावतीला हात घालतात, तेव्हा हिशेब कुठे चुकू शकतो ते हंगामाआधी स्वतः तपासून घ्या. दोन फोन आणि अर्धा तास लागेल. तपासणी ‘सराव’ खात्यातच करा, खऱ्या पावत्यांवर नको.

मुख्य चाचणी

एक पावती करा: वजन 84.20 क्विंटल, भाव 1,400 रुपये. ती दोन्ही फोनवर दिसली की दोन्हींवर एअरप्लेन मोड लावा. काही फोनमध्ये तो लावूनही वायफाय चालूच राहतं, तेही बंद करा. आता पहिल्या फोनवर वजन दुरुस्त करून 82.40 करा आणि दुसऱ्यावर भाव 1,450 करा. मग आधी पहिल्या फोनचं नेट सुरू करा, थोड्या वेळाने दुसऱ्याचं.

दोन्ही फोनवर रक्कम 1,19,480 आली पाहिजे. 1,15,360 आली तर भावाची दुरुस्ती गेली आणि 1,22,090 आली तर वजनाची. म्हणजे सगळी पावतीच एकमेकांवर लिहिली गेली, एकेक रकाना जुळवला गेला नाही. दोन फोनवर दोन वेगळे आकडे राहिले तर ते त्याहून वाईट, लगेच कळवा. हीच चाचणी नवी पावती घेऊन उलट्या क्रमाने, म्हणजे दुसऱ्या फोनचं नेट आधी सुरू करून, पुन्हा करा. पुष्कळ चुका एकाच क्रमात दिसतात आणि दुसऱ्यात लपतात.

दोघांनी भावच बदलला तर

एकाने 1,450 केला, दुसऱ्याने 1,430. इथे अ‍ॅप स्वतः निवड करत नाही. दोन्ही आकडे, कोणी आणि कोणत्या फोनवरून भरले यासह, पिवळ्या पट्टीत दाखवतं आणि मालकाने एक निवडेपर्यंत त्या पावतीचं पेमेंट अडवून ठेवतं.

एका ग्राहकांनी विचारलं होतं, “भाऊ, ज्यानं शेवटी बदललं त्याचंच धरा ना!” पण नेट नसताना ‘शेवटी’ कोण, हे फोनच्या घड्याळावरूनच ठरवावं लागतं. एका फोनचं घड्याळ दोन तास पुढे असेल, तर सकाळचा जुना भाव दुपारच्या नव्या भावाला खाऊन टाकेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. एका फोनची आपोआप वेळ बंद करून घड्याळ पुढे करा आणि ही चाचणी घ्या. पिवळी पट्टी तरीही यायला हवी.

रकाने वेगवेगळे जुळवण्यालाही मर्यादा आहे. मुकादमाने माल ‘नवती’वरून दुसऱ्या प्रतीत टाकला आणि त्याच वेळी दिवाणजींनी नवतीचा वाढीव भाव भरला, तर कमी प्रतीला जास्त भाव, अशी दोघांपैकी कोणीच न लिहिलेली पावती तयार होईल. म्हणून प्रत आणि भाव ही जोडी आम्ही एकच रकाना धरतो. अशा वेळीही पिवळी पट्टीच येईल. थोडा जास्त त्रास आहे, पण तो मुद्दाम ठेवलाय.

उचल

शेतकऱ्याच्या नावावर 5,000 उचल आहे. नेट नसताना एका फोनवरून 2,000 दिले, दुसऱ्यावरून 3,000. बेरीज 10,000 यायला हवी. 7,000 किंवा 8,000 आली, तर एक उचल बुडाली. हे टाळण्यासाठी अ‍ॅप एकूण रक्कम पाठवत नाही, प्रत्येक उचलीची स्वतंत्र नोंद पाठवतं.

याच्या उलट चूक म्हणजे एकच उचल दोनदा लागणं. नोंद सर्व्हरवर पोचते, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येईपर्यंत रेंज जाते आणि फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो. नोंदीचा क्रमांक फोनमध्येच आधी तयार होत असल्याने सर्व्हर दुसरी प्रत ओळखून सोडून देतो. तपासायचं तर ‘पाठवा’ दाबून लगेच एअरप्लेन मोड लावा, थोड्या वेळाने काढा आणि असं बऱ्याचदा करा. नेमका क्षण एका झटक्यात सापडत नाही.

एका फोनवर पावती खोडली आणि दुसऱ्यावर त्याच वेळी दुरुस्त केली, तर ती ‘खोडलेली, पण बदल आहे’ अशा शेऱ्यासह परत दिसेल. हा बिघाड नाही.

एक गोष्ट अ‍ॅपच्या हातात नाही

वर कोपऱ्यात ‘बाकी’चा आकडा दिसतो. तो शून्य नसताना अ‍ॅप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा साफ केला, तर त्या नोंदी फक्त त्या फोनमध्येच होत्या, त्या परत मिळत नाहीत. बॅटरी सेव्हर लावलेल्या फोनवर अ‍ॅप बंद असताना पाठवणं थांबू शकतं. तेव्हा संध्याकाळी पेढीवर आल्यावर अ‍ॅप उघडून तो आकडा शून्य होऊ द्या, मगच हिशेबाला बसा. चाचणीत वेगळं काही दिसलं तर दोन्ही फोनचे स्क्रीनशॉट आणि नेट कोणाचं आधी सुरू केलं, एवढं आम्हाला पाठवा.